पेशीची इजा, पित्ताची तुंबण आणि घड्याळ



ज्यांच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानमालेत जमतो, त्या सरांना विषय पसरवलेला आवडत नसे. म्हणून आज मी एकच प्रश्न घेणार आहे. प्रयोगशाळा वैद्यकाच्या परीक्षेत तो दरवर्षी वेष बदलून येतो. रुग्णाचं वय दिलेलं असतं, कावीळ किंवा पोटदुखी सांगितलेली असते, खाली पाच-सहा आकडे असतात, आणि विचारलेलं असतं: दोष कुठे आहे? यकृताच्या पेशी मरताहेत, की पित्ताची वाट अडली आहे?

विद्यार्थी याचं उत्तर एका दमात पाठ करतात. एसजीपीटी आणि एसजीओटी वाढले तर पेशींची इजा. अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी वाढले तर पित्त तुंबलं, म्हणजे कोलेस्टॅसिस. हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. या आकड्यांना वेळ असते, आणि ती वेळ पाहिल्याशिवाय काढलेला निष्कर्ष नेमका त्या रुग्णात फसतो ज्याला सर्वांत घाईनं उपचार हवे असतात. हे का घडतं, तेच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात एन्झाइमांच्या घरापासून करू. एसजीपीटी यकृताच्या पेशीच्या आतल्या द्रवात विरघळलेलं असतं. एसजीओटी काही त्या द्रवात, तर मोठ्या प्रमाणात मायटोकाँड्रियांत असतं. दोन्ही पेशीत आधीपासून तयार असतात. पेशीचं आवरण फाटलं, किंवा नुसतं सैल झालं, तरी ती बाहेर पडतात आणि काही तासांत रक्तात दिसतात. नेपल्समध्ये फेर्नांडो दे रितिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ च्या सुमारास विषाणूजन्य काविळीत हीच वाढ दाखवली आणि काविळीचं निदान रक्ताच्या नळीत शिरलं.

अल्कलाइन फॉस्फटेजची गोष्ट वेगळी आहे. हे एन्झाइम पेशीत मोकळं फिरत नाही. दोन पेशींच्या मधून जी बारीक पित्तवाहिनी जाते, तिच्या बाजूच्या आवरणाला ते खिळलेलं असतं. मग पित्त अडल्यावर ते रक्तात का वाढतं? बराच काळ लोकांचा समज असा होता की हाडांतून येणारं फॉस्फटेज यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं, आणि वाट बंद झाली की ते साचतं. ऐकायला पटतं, नाही का? पण १९७० मध्ये मार्शल कॅप्लन आणि रिगेटी यांनी उंदरांची पित्तनलिका बांधून पाहिली. रक्तातलं फॉस्फटेज वाढलं, आणि त्याबरोबर खुद्द यकृतातलंही कित्येक पटींनी वाढलं. मग त्यांनी प्रथिनं तयार होणं थांबवणारं औषध दिलं आणि पुन्हा नलिका बांधली. या वेळी फॉस्फटेज वाढलंच नाही.

म्हणजे ते साचलेलं नव्हतं. ते नव्यानं तयार झालेलं होतं. अडकलेली पित्ताम्लं पेशीला हे एन्झाइम जास्त बनवायला लावतात, आणि तीच पित्ताम्लं साबणासारखी वागून ते आवरणापासून सोडवतात. बनवायला वेळ लागतो. रक्तात ठळक वाढ दिसायला एक-दोन दिवस जातात. हलवायाच्या दुकानात परातीत मांडलेले पेढे मागताक्षणी मिळतात, पण पुरणपोळ्यांची ऑर्डर दिली तर उद्या या म्हणतात. एसजीपीटी परातीतलं आहे, फॉस्फटेज ऑर्डरचं आहे.

एवढं मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

आता मोजणीकडे येऊ. एसजीपीटी ३०० आणि फॉस्फटेज ३००, तर दोन्ही सारखेच वाढले का? नाही. एकाची नेहमीची वरची मर्यादा चाळीसच्या आसपास, दुसऱ्याची एकशेवीसच्या आसपास. पहिलं साडेसात पट आहे, दुसरं अडीच पट. कच्चे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही. प्रत्येक आकडा आधी त्याच्या वरच्या मर्यादेनं भागायचा. मग एसजीपीटीच्या पटीला फॉस्फटेजच्या पटीनं भागायचं. जे येतं त्याला आर गुणोत्तर म्हणतात. ते पाच किंवा जास्त असेल तर पेशींची इजा, दोन किंवा कमी असेल तर कोलेस्टॅसिस, मधे असेल तर मिश्र. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेचं वर्गीकरण करण्यासाठी १९८९ मध्ये पॅरिसला तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय बैठक झाली, तिथून ही विभागणी रूढ झाली. औषधांच्या संदर्भात हे गुणोत्तर त्रास लक्षात आल्यानंतरच्या पहिल्या नमुन्यावर काढतात, कारण नंतर ते बदलत जातं. पाठ्यपुस्तकांत सूत्र उतरलं, ही अट मात्र अनेकदा मागे राहिली.

इथे एक गोष्ट बाजूला सारतो, कारण ती फार जणांना चकवते. बिलिरुबिननं हा प्रश्न सुटत नाही. पित्त अडलं की ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन वाढतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पेशी आजारी पडल्या तरी तेच वाढतं. बिलिरुबिन पेशीत घेणं, त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडणं आणि ते पित्तात ढकलणं या तीन कामांतलं शेवटचं काम सर्वांत आधी कोलमडतं. म्हणून हिपॅटायटिसच्या रुग्णाचीही लघवी गडद होते. ‘डायरेक्ट बिलिरुबिन जास्त, म्हणजे नलिकेत खडा’ असं लिहिणाऱ्याला गुण द्यावेत का? मी देणार नाही.

आता एक रुग्ण घेऊ. हा मी परीक्षेच्या प्रश्नासारखा रचला आहे, पण अशी माणसं दर आठवड्याला रुग्णालयांत येतात.

बेचाळीस वर्षांची बाई. रात्री जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात, उजवीकडे, अचानक जोरदार कळ. पाठीपर्यंत जाणारी. दोन उलट्या. कळ सुरू झाल्यावर सहा तासांनी रक्त घेतलं. एसजीओटी ६२०, एसजीपीटी ४८०, अल्कलाइन फॉस्फटेज ११८, बिलिरुबिन २.१.

गुणोत्तर काढा. चारशेऐंशी भागिले चाळीस, बारा पट. एकशेअठरा भागिले एकशेवीस, जेमतेम एक पट. आर बारा. सूत्र सांगतं, पेशींची इजा. परीक्षार्थी लिहितो, ‘विषाणूजन्य हिपॅटायटिस’. वॉर्डातला डॉक्टर हिपॅटायटिसच्या तपासण्या पाठवतो आणि वाट बघतो.

चाळिसाव्या तासाला पुन्हा रक्त घेतलं. एसजीओटी १५०, एसजीपीटी २९०, फॉस्फटेज २६०, बिलिरुबिन ४.४, जीजीटी ४८०. आता एसजीपीटी सव्वासात पट, फॉस्फटेज दोन पटींहून थोडं जास्त. आर सव्वातीनच्या आसपास. सूत्र सांगतं, मिश्र.

अठ्ठ्याऐंशीव्या तासाला, म्हणजे चौथ्या दिवशी: एसजीओटी ४५, एसजीपीटी १४०, फॉस्फटेज ३९०. साडेतीन पट भागिले सव्वातीन पट. आर एकच्या आसपास. सूत्र सांगतं, कोलेस्टॅसिस.

बाई तीच, आजार तोच. चार दिवसांत या सूत्रानं तिची तीन वेगवेगळी निदानं केली. सूत्र खोटं आहे का? नाही. प्रत्येक वेळी त्यानं जे मोजलं ते बरोबर मोजलं. तिच्या मुख्य पित्तनलिकेत खडा अडकला होता. नलिकेतला दाब एकदम चढला, पेशींना तो सोसवला नाही, आणि त्यांच्यात तयार असलेली एन्झाइमं लगेच रक्तात गेली. फॉस्फटेजची निर्मिती तेव्हा नुकतीच सुरू होत होती. सहाव्या तासाला आपण फक्त परातीतलं पाहिलं.

मग उतार. एसजीपीटीचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण सत्तेचाळीस तास, एसजीओटीचं सतराच्या आसपास. सहाव्या ते चाळिसाव्या तासात चौतीस तास गेले, म्हणजे एसजीओटीची दोन अर्धायुष्यं. ६२० चे ३१०, ३१० चे १५५. आकडा आला १५०. तेवढ्याच वेळात एसजीपीटी ४८० वरून २९० वर यायला हवं, आणि तसंच आलं. हा हिशेब काय सांगतो? गळती पहिल्या काही तासांत झाली आणि नंतर जवळजवळ थांबली. विषाणूजन्य हिपॅटायटिसमध्ये पेशी रोज मरत राहतात; तिथे हे आकडे दिवसेंदिवस, कधी आठवडाभर वरच राहतात आणि मग सावकाश उतरतात. दोन दिवसांत निम्म्याच्या खाली येणारं एसजीओटी हे एका धक्क्याचं चिन्ह आहे. तो धक्का खड्याचा असू शकतो, रक्तदाब कोसळल्यानं यकृताला रक्त न मिळाल्याचाही असू शकतो. दुसऱ्या प्रकारात आकडे बहुधा हजारांत जातात, फॉस्फटेज मात्र असं मागाहून चढत नाही.

आणखी एक सावधगिरी. पहिल्या दिवशीच्या सोनोग्राफीत या बाईच्या पित्ताशयात खडे दिसले आणि नलिका थोडी रुंद वाटली, पण नलिकेतला खडा दिसला नाही. असं नेहमी होतं. नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या वायूमागे लपतं. ‘सोनोग्राफीत नलिकेत खडा नाही’ या वाक्याचा अर्थ खडा दिसला नाही एवढाच घ्यायचा. एमआरसीपी केल्यावर तो दिसला. अशा रुग्णाला ताप आणि थंडी सुरू झाली तर नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असतो, आणि तेव्हा ईआरसीपी करून वाट मोकळी करायला हिपॅटायटिसच्या अहवालांची वाट पाहत बसता येत नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: प्रश्न वाचताना आकड्यांच्या आधी तास शोधा. कळ कधी सुरू झाली? रक्त कधी घेतलं? प्रश्नकर्त्यानं ‘सहा तासांपूर्वी’ लिहिलं असेल तर ते शब्द जागा भरायला लिहिलेले नसतात.

उलट दिशेनंही हेच घडतं, ते थोडक्यात सांगतो. हिपॅटायटिस ए झालेला एखादा तरुण. पहिल्या आठवड्यात एसजीपीटी दोन हजार, फॉस्फटेज दीडपट. दीड महिन्यानं तो अंग खाजवत येतो, कावीळ उतरलेली नाही, एसजीपीटी ९०, फॉस्फटेज ३६०. हे आकडे एकटे दिले तर कोणीही कोलेस्टॅसिस म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण त्याच्या नलिकेत खडा नाही. हिपॅटायटिस ए चा हा लांबलेला प्रकार काही रुग्णांत दिसतो आणि आपोआप बरा होतो. पहिल्या आठवड्यातला कागद त्यानं जपून ठेवला असेल तर त्याच्या बऱ्याच तपासण्या वाचतात.

आता छेदाकडे. आपण फॉस्फटेजनं भागतो, पण ते फॉस्फटेज यकृताचंच आहे हे कुणी सांगितलं? तेरा वर्षांचा मुलगा, उंची भराभर वाढते आहे. कावीळ झाली. एसजीपीटी ३६०, फॉस्फटेज ४२०. मोठ्यांची मर्यादा लावली तर नऊ भागिले साडेतीन, आर अडीचच्या वर, मिश्र. पण या वयात हाडांच्या वाढीमुळे फॉस्फटेज चारशेपर्यंत असणं स्वाभाविक आहे. मर्यादा चारशे घेतली तर ते जेमतेम एक पट होतं आणि आर साडेआठच्या वर जातं. मुलाला साधा हिपॅटायटिस आहे. मोठ्यांची मर्यादा लावली असती तर त्याच्यामागे पित्तनलिकेच्या तपासण्यांचा ससेमिरा लागला असता. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून येणारं फॉस्फटेजही असंच फसवतं. अशा वेळी जीजीटी पाहा. वाढणाऱ्या हाडांतून किंवा वारेतून ते वाढत नाही. फॉस्फटेज जास्त आणि जीजीटी व्यवस्थित, तर यकृताकडे बोट दाखवण्याआधी थांबायचं. मात्र जीजीटी मद्यानं आणि फेनिटॉइनसारख्या औषधांनीही वाढतं, म्हणून ते एकटं वाढलेलं पाहून कोलेस्टॅसिस ठरवायचं नाही.

प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांसाठी याच छेदातली दुसरी फट. फॉस्फटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतात. रक्तगणनेच्या जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए असतं, ते हे धातू पकडून ठेवतं. त्या नळीतलं रक्त चुकून बायोकेमिस्ट्रीच्या नळीत ओतलं गेलं, तर फॉस्फटेज दहा-पंधरा येतं आणि आर गुणोत्तर आकाशाला भिडतं. ओळखायचं कसं? त्याच नमुन्यात कॅल्शियम अशक्य वाटावं इतकं कमी आणि पोटॅशियम अशक्य वाटावं इतकं जास्त निघतं, आणि रुग्ण मात्र शांतपणे बाकावर बसलेला असतो. तिन्ही एकत्र दिसले की अहवाल पाठवायचा नाही, नवा नमुना मागवायचा. आणि परीक्षेत असे आकडे आले तर उत्तर यकृतात शोधायचं नाही.

शेवटचा मुद्दा. एवढी उठाठेव कशासाठी? पेशी की पित्त, हे ठरवून रुग्णाला काय फरक पडतो?

दोन रुग्ण शेजारी ठेवतो. दोघांचं बिलिरुबिन ४.२. पहिला पंचावन्न वर्षांचा, क्षयरोगाच्या औषधांच्या तिसऱ्या आठवड्यात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायरझिनामाइड, इथॅम्बुटॉल. भूक गेली, मळमळ सुरू झाली. एसजीपीटी ६४०, फॉस्फटेज १४०. सोळा पट भागिले सव्वा पटीहून थोडं कमी. आर तेराच्या वर. दुसऱ्यानं दातासाठी ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचा कोर्स घेतला होता, तो संपून तीन आठवडे झाले, आता खाज आणि कावीळ. एसजीपीटी ११०, फॉस्फटेज ४२०. पावणेतीन पट भागिले साडेतीन पट. आर एकच्याही खाली.

पिवळेपणात दोघे सारखेच. पण दुसऱ्याचं यकृत बिलिरुबिन बाहेर टाकू शकत नाही ते मुख्यतः वाट बिघडल्यामुळे. नलिकेत अडथळा नाही याची खात्री करायची, ते औषध पुन्हा द्यायचं नाही. खाज आठवड्यांनी, कधी महिन्यांनी ओसरते, पण बहुतेक रुग्ण बरे होतात. पहिल्याचं बिलिरुबिन वाढलं आहे ते इतक्या पेशी गेल्या की उरलेल्यांना नेहमीचं कामही झेपेना म्हणून. अमेरिकन यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांनी हेच निरीक्षण मांडलं: औषधामुळे पेशींची इजा होऊन कावीळ आली, एसजीपीटी तिपटीच्या वर, बिलिरुबिन दुपटीच्या वर, फॉस्फटेज फारसं वाढलेलं नाही आणि दुसरं कारण सापडत नाही, तर दहातला एखादा रुग्ण दगावतो किंवा त्याला यकृत प्रत्यारोपण लागतं. यातली फॉस्फटेजची अट पाहा. ती काढली तर नियम कोसळतो, कारण मग एसजीपीटी तिपटीच्या वर गेलेले कोलेस्टॅसिसचे रुग्णही त्यात येतात.

क्षयाची औषधं घेणाऱ्यांमध्ये एक वेगळी परिस्थितीही असते, ती मिसळू देऊ नका. रिफाम्पिसिन बिलिरुबिनच्या वहनात अडथळा आणतं, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत नुसतं बिलिरुबिन थोडं वाढू शकतं, एसजीपीटी मात्र जागच्या जागी राहतं. ते ओळखलं नाही तर आवश्यक औषधं विनाकारण बंद होतात.

आपल्या पहिल्या रुग्णाचं मात्र तसं नाही. त्याची यकृताला घातक औषधं त्याच दिवशी थांबवायची, हिपॅटायटिस ए, बी आणि ई तपासायचे, आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम पाठवायचा. तो लांबलेला आला, तर व्हिटॅमिन के चं दहा मिलिग्रॅमचं इंजेक्शन देऊन चोवीस तासांनी पुन्हा मोजायचा. पित्त न पोचल्यामुळे व्हिटॅमिन के शोषलं जात नसेल, तर तो सुधारतो, कारण पेशी प्रथिन बनवायला तयार असतात आणि त्यांना फक्त माल हवा असतो. पेशीच गेल्या असतील, तर इंजेक्शननं तो हलत नाही. आणि इथे एसजीपीटी ६४० वरून चार दिवसांत २०० वर आलं, पण प्रोथ्रॉम्बिन टाइम लांबतच चालला आहे, रुग्णाची झोप उलटसुलट झाली आहे, तो विचारलेल्याचं नीट उत्तर देत नाही, तर उतरलेलं एसजीपीटी पाहून समाधान मानायचं नाही. गळायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून ते उतरलं आहे, आणि त्या रुग्णाला त्याच दिवशी प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवायचं.